शेगडीची अर्धी कॉइल काळी, आणि माझे साडेबाराशे रुपये

आमच्याकडे बेळगावच्या वडगावात गॅस असला तरी इलेक्ट्रिक शेगडी वापरात असतेच. सिलिंडर संपून दुसरा यायला दोन दिवस लागले की तिच्यावरच भात-आमटी होते. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत बिल माफ झाल्यापासून तर सासूबाईंचं अंघोळीचं पाणीही तिच्यावरच तापतं. शेगडी साधीच आहे: लोखंडी बॉडी, वर चिनी मातीची गोल प्लेट, प्लेटीच्या खाचेत उघडी कॉइल, मागे 1500 वॅटचं स्टिकर.

पावसाळ्यात तिचं बिनसलं. कॉइलचा एक भाग लालभडक व्हायचा आणि बाकीची काळीच दिसायची. कधी कधी तर बटण दाबूनही सगळी थंड. मग सासूबाई बॉडीला चिमट्याने एक टिचकी मारायच्या आणि ती पेटायची. आम्हाला त्याची गंमत वाटायची. टिचकीने चालू होणारी शेगडी म्हणजे आत कुठेतरी तार सुटत आलीय, एवढं तेव्हा डोक्यात आलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी त्या अर्ध्या पेटलेल्या कॉइलचा व्हिडिओ काढून लेकाला पाठवला आणि शेगडी पिशवीत घालून बाजारातल्या एका रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने ती लावली, अर्धी काळी कॉइल बघितली आणि मान हलवली. "अक्का, करंट अर्ध्या प्लेटीलाच येऊलाय. प्लेट आतून मेलीय. कॉइल, प्लेट दोन्ही बदलाय लागतंय बघा." कॉइल कंपनीची 650, प्लेट 400, मजुरी 200. मी म्हटलं, जुनी कॉइल आणि प्लेट परत द्या. "कचरा कशाला नेतासा ओ?" म्हणून तो हसला आणि मीही गप्प बसले. बिलावर नुसतं "रिपेअर 1250".

घरी आणून लावली तर काय पेटली! पहिल्यापेक्षा जास्त लाल, मधूनमधून पिवळसर. पाणी लवकर उकळायला लागलं म्हणून आम्ही खूश. पण प्लग हाताला गरम लागायचा. एकदा स्टीलच्या पळीने आमटी ढवळताना बोटांना झिणझिण्या आल्या. फोन करून त्याला सांगितलं तर म्हणाला, "हात ओले असतील अक्का." बाराव्या दिवशी जळका वास आला आणि शेगडी कायमची थंड पडली.

माझे धाकटे दीर उद्यमबागला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. रविवारी ते मीटर घेऊन आले. सगळ्यात आधी त्यांनी प्लग सॉकेटमधून उपसून काढला. बटण बंद होतं की, म्हटलं. तर म्हणाले, "वहिनी, बोर्डाचं बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असलं तर बंद करूनही कॉइलमध्ये करंट असतो. उघड्या कॉइलला हात लावायचा तर प्लग बाहेर पाहिजे."

मग त्यांनी माझा तो जुना व्हिडिओ बघितला आणि दोनदा थांबवून मोठा करून मला दाखवला. जिथे कॉइल लाल होती तिथे वेटोळी एकमेकांना खेटून बसली होती. जिथे काळी, तिथे ती ताणून लांब लांब झाली होती. "हे अर्ध्या प्लेटीला करंट येण्याचं प्रकरणच नव्हे," ते म्हणाले. कॉइल म्हणजे एकाच तारेचा एकच पाट. उसाला पाणी सोडल्यावर पाट कुठे फुटला नसेल तर वरच्या टोकाला जेवढं पाणी, तेवढंच खालच्या टोकाला. तसा करंट सगळ्या तारेतून सारखाच जातो. फरक पडतो तो वेटोळ्यांच्या दाटीने. दाट जागी थोड्या लांबीत जास्त तार येते, उष्णता कोंडते, ती लाल होते. ताणलेल्या जागी तीच उष्णता पसरते आणि तार काळी दिसते. दूध उतू गेलं की मी तारेच्या घासणीने खाच खरवडायचे. कॉइल सरकून एका बाजूला गोळा झाली होती ती त्यानेच.

मी विचारलं, मग एखादा भाग खरंच थंड राहूच शकत नाही? राहतो, म्हणाले. कॉइल खाचेतून उचलली जाऊन शेजारच्या फेऱ्याला टेकली, तर करंट तिथूनच आडवाटेने जातो. मधला सगळा फेरा थंड पडतो आणि उरलेला भाग जास्तच तापतो. शिवाय दोन कॉइलच्या, तीन टप्प्यांचं बटण असलेल्या शेगडीत एक कॉइल तुटली की दुसरी एकटी पेटते. आमची एका कॉइलची होती, आणि व्हिडिओत कुठेही फेरा फेऱ्याला टेकलेला नव्हता.

आता "नवी" प्लेट. दिरांनी कॉइल बाजूला करताच मला ओळखीची खूण दिसली. बाहेरून दुसऱ्या खाचेच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला आहे. दोन वर्षांपूर्वी कुकरचं झाकण पडलं होतं तेव्हाचा. प्लेट आमचीच होती, घासून पांढरी केलेली. 400 रुपये तिथेच कळले.

कॉइलचं मात्र मीटरने कळलं. प्लगच्या दोन पिनांवर काटे टेकवले तर मीटर काहीच दाखवेना, म्हणजे वाट कुठेतरी तुटलेली. मग कॉइलची दोन्ही टोकं टर्मिनलवरून सोडवून फक्त कॉइलचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा मोजला: 26 ओहम. कॉइल शाबूत होती, तुटलं होतं ते तिच्या अलीकडे. पण दीर त्या 26 वरच अडले. बिलाच्या पाठीवर त्यांनी हिशोब मांडला: घरातली वीज 230 व्होल्टची, म्हणून 230 गुणिले 230, भागिले वॅट. 1500 वॅटला 35 ओहम येतात. थंड असताना थोडे कमी, 33-34 धरा. 26 ओहम म्हणजे शेगडी 2000 वॅटच्या आसपास चालली होती, साडेसहा अँपियरच्या जागी जवळपास नऊ अँपियर ओढत. "नवी 1500 ची कॉइल 26 दाखवत नाही. ही तुमचीच जुनी आहे. खराब झालेला तुकडा कापून टाकलाय आणि उरलेली ओढून खाचेत पुरवलीय." जवळून बघितलं तर तार काळपट होती, आणि एका जागी दोन टोकं पिळून जोडलेली. पिवळसर उजेड तिथलाच.

तार छोटी केली की रोध कमी होतो, करंट वाढतो, शेगडी जोरात पेटते. गिऱ्हाईक खूश होतं आणि तक्रार यायच्या आत दोन आठवडे निघून जातात.

खालचं झाकण काढल्यावर खरा रोग दिसला. टर्मिनलच्या बोल्टवरची एक चकती निळी-काळी पडलेली, नट बोटाने फिरत होता, आणि वायरचं टोक जळून गळून पडलेलं. सासूबाईंच्या टिचकीने जुळणारी जागा हीच. रिपेअरवाल्याने तिला हातही लावला नव्हता, वर जास्त करंट मात्र तिच्यातूनच नेला. सैल नटाखाली समजा फक्त 1 ओहम अडथळा आहे. साडेसहा अँपियरला तिथे 42 वॅट उष्णता होते. रेडिओवाल्यांची साधी सोल्डरिंग इस्त्री 25 वॅटची असते. नऊ अँपियरला तेच 80 वॅटच्या घरात जातं. नट कसा टिकेल?

आणि हिरवी वायर. बॉडीला अर्थिंगची जी वायर असते ती त्याने कापून आत दुमडून ठेवली होती. जोडायचा कंटाळा, दुसरं काय. ताणलेली कॉइल खाचेच्या वर उचलली होती, पातेल्याचा बूड तिला लागत होता, आणि अर्थिंग नाही. माझ्या झिणझिण्या तिथल्या होत्या. पैशांचं सोडा, या एका गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले.

शेगडी दिरांनी माझ्यासमोर नीट केली. नवी 1500 ची कॉइल 90 रुपयांना मिळाली आणि दुकानातच मोजली: 34 ओहम. खाचेची लांबी सुतळीने मोजली, ती पावणेपाच फूट भरली. सुतळीपेक्षा दोन-तीन इंच कमीच, अशी कॉइल दोन टोकांना धरून हळूहळू ताणली. एका जागी धरून ओढली तर तिथलीच वेटोळी उघडतात. सुतळीचे चार भाग करून प्रत्येक भागातली वेटोळी मोजली, दोन-चारचा फरक होता तो हाताने सारखा केला. मग आतल्या टोकापासून खाचेत बसवत गेलो. लाकडी चमच्याच्या दांड्याने दाबत, कुठेही प्लेटीच्या वर येऊ न देता. हे सगळं तापवण्याआधी, कारण एकदा तापलेली तार ठिसूळ होते आणि ओढली की तुटते.

कॉइलची टोकं दुमडून चकतीखाली घेतली, बोल्ट-नट नवे. डाग दिला नाही, तो तिथल्या उष्णतेने वितळला असता. आतल्या वायरवर चिनी मातीचे मणी ओवले आणि हिरवी वायर बॉडीच्या स्क्रूला पक्की केली. शेवटी पिन आणि बॉडी यांच्यात मीटर लावून बघितलं: अर्थिंगची पिन बॉडीशी जोडलेली, बाकीच्या दोन्ही नाहीत. मग स्वयंपाकघरातला दिवा घालवून, पातेलं न ठेवता दोन मिनिटं शेगडी लावली. सगळीकडे एकसारखा नारिंगी, फक्त खिडकीकडच्या वळणावर एक ठिपका जास्त उजळ. प्लग काढून गार होऊ दिली आणि तिथली तीन-चार वेटोळी टोकदार काडीने अलगद सरकवली. गार झाल्यावर नट परत आवळला. पहिल्या तापण्यात तो थोडा सैल होतोच, आणि तो पाव फेरा फिरलाही.

दुसऱ्या दिवशी मी जळकी चकती, कापलेली कॉइल आणि पाठीवर हिशोब असलेलं बिल घेऊन दुकानात गेले. दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी मोठ्याने विचारलं, "नवी प्लेट लावलीत ना, मग तिच्यावरचा टवका दोन वर्षांपूर्वीचा कसा?" तो आधी म्हणाला, पोराने केलं असेल. 26 ओहमचं विचारल्यावर म्हणाला, "अक्का, आत या, बसून बोलूया." मी बाहेरच उभी राहिले. त्याने 800 रुपये काढून दिले, उरलेले मजुरीचे म्हणाला. कसली मजुरी, विचारलं, तर त्याचं उत्तर नव्हतं, पण पैसेही नव्हते.

शेगडीच्या खालच्या झाकणावर आता मार्करने 34 लिहून ठेवलंय, आणि प्लेटीच्या पाठीवर पेन्सिलने माझी सही.