‘सगळं द्या’ म्हणजे नक्की काय? बंद पाकीट की उघडं प्रोजेक्ट

संस्थेसाठी केलेली माहितीपर फिल्म मंजूर होते, शेवटचं बिल जातं आणि आठवड्याभरात फोन येतो. “अहो, ते सगळं एका हार्ड डिस्कवर टाकून ठेवा ना, आमच्याकडे असू दे.” दादरच्या एका संस्थेच्या सचिवांनी मला हेच सांगितलं, तेव्हा मी विचारलं, “सर, सगळं म्हणजे काय काय?” ते म्हणाले, “ते तुम्हालाच माहीत. पण पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलणार आहेत आणि हिंदीतही करायचीय.”

त्यांच्या त्या दुसऱ्या वाक्यातच उत्तर होतं. ‘सगळं’ दोन प्रकारे देता येतं. एक बंद पाकीट: तयार मास्टर, म्हणजे फिल्मची अंतिम फाइल, अक्षरांविना मास्टर, सुटे ध्वनी आणि श्रेयनामावली. दुसरं उघडं प्रोजेक्ट: टाइमलाइन, मूळ रश म्हणजे न कापलेलं चित्रण, ग्राफिक्सच्या फाइल, फॉन्ट, सगळं. कोणतं घ्यायचं (किंवा द्यायचं) हे पुढे फिल्ममध्ये काय बदलणार यावर ठरतं. मालकीचा वाद बहुतेक वेळा उगाचच मध्ये येतो.

फिल्म 12 मिनिटांची होती, 1080, सेकंदाला 25 फ्रेम. संपादन प्रीमिअरमध्ये, नावपट्ट्या आफ्टर इफेक्ट्समध्ये. दोन मुलाखती, मधूनमधून निवेदन, सात नावपट्ट्या आणि शेवटी नावं.

बंद पाकिटात काय असतं

प्रोरेस 422 एचक्यू या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये अशा फिल्मचा एक मास्टर साधारण 16.5 जीबी होतो. तेवढाच दुसरा टेक्स्टलेस, म्हणजे नावपट्ट्या, शीर्षक आणि श्रेयनामावली काढलेला. दोन्ही मिळून 33 जीबी. साधा पेन ड्राइव्हही पुरतो. टेक्स्टलेसची लांबी फ्रेमला फ्रेम तीच हवी, रंगही तेच. हे तपासायला डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. दोन्ही फाइल एका टाइमलाइनवर एकावर एक ठेवा आणि वरच्या थराचा ब्लेंड मोड `Difference` करा. पडदा जवळजवळ काळा राहिला पाहिजे, फक्त जिथे अक्षरं आहेत तिथे ती चमकली पाहिजेत. एखाद्या कटनंतर सगळं चित्रच उजळलं, तर तिथून पुढे फाइल एका फ्रेमने सरकलेली आहे.

अध्यक्ष बदलले तर नवी नावपट्टी टेक्स्टलेसवर बसवता येते. पण ती जुन्यासारखी दिसायची तर मोकळी पट्टीही लागते. म्हणून मी नावाविना हलणारी पट्टी, आत येताना आणि बाहेर जाताना, प्रोरेस 4444 मध्ये पारदर्शक पार्श्वभूमीसह वेगळी काढून देतो. दोन-चार सेकंदांच्या या फाइलमुळे पुढच्या माणसाला आफ्टर इफेक्ट्स उघडावंच लागत नाही.

ध्वनीत मात्र लोक हमखास चुकतात. ‘संवाद, संगीत, इफेक्ट्स’ असे तीन भाग देऊन मोकळे होतात. कथापटाला ते चालतं, माहितीपटाला नाही. हिंदी आवृत्तीत निवेदन पूर्ण बदलतं, पण मुलाखतीतला माणूस मराठीतच बोलत राहतो, त्याचा आवाज खाली नेऊन वर हिंदी आवाज चढवतात. निवेदन आणि मुलाखत एकाच फाइलमध्ये असतील, तर हे करताच येत नाही. म्हणून चार भाग: निवेदन, मुलाखती, संगीत, आणि जागेचे आवाज. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्हमध्ये 12 मिनिटांचा एक स्टिरिओ भाग सुमारे 200 एमबी होतो, तेव्हा जागेची कंजुषी करायचं कारण नाही. मुलाखत बंद करून जागेचा आवाज ऐका. मध्येच एकदम ठार शांतता पडली, तर त्या खोलीचा नुसता हवेचा आवाज तिथे भरायचा राहिलाय.

उघड्या प्रोजेक्टची बाजू

उघडं प्रोजेक्ट एकाच गोष्टीसाठी खरोखर लागतं: कट बदलायचा असेल तर. 12 मिनिटांची 3 मिनिटं करायची, एक मुलाखत काढून दुसरी घालायची, तर बंद पाकीट तोकडं पडतं. मास्टर कापून लहान आवृत्ती होते, पण मूळ शॉट पुढे वाढवता येत नाही.

प्रीमिअरच्या `Project Manager` मध्ये दोन वाटा आहेत, आणि त्यांतला फरक देणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतो. पहिल्या वाटेने, `Collect Files and Copy to New Location`, वापरलेली प्रत्येक क्लिप आख्खी कॉपी होते. मुलाखत 40 मिनिटांची असेल आणि त्यातले 20 सेकंद घेतले असतील, तरी 40 मिनिटं जातात. या फिल्मचा रश पाच तासांचा होता. 100 मेगाबिटच्या कॅमेऱ्यात तो 225 जीबी भरतो. जागेचा प्रश्न हार्ड डिस्कवर सुटतो. पण अशाच 40 मिनिटांत मुलाखत देणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, “हे छापू नका हं.” त्यांची संमती फिल्मपुरती होती. उघडं प्रोजेक्ट देताना आपण हेही दुसऱ्याच्या हातात देतो, आणि उद्या ती डिस्क कुणाच्या टेबलावर पडेल ते सांगता येत नाही. माझ्या दृष्टीने आख्खा रश न देण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

दुसरी वाट `Consolidate and Transcode`. यात वापरलेला भाग आणि त्याच्या मागेपुढे थोडी शेपटी एवढंच नव्या फाइलमध्ये जातं. मी 50 फ्रेम ठेवतो, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन सेकंद. डिस्क हलकी होते आणि खासगी बोलणं मागे राहतं. बदल्यात पुढच्या संपादकाला शॉट दोन सेकंदांपलीकडे वाढवता येत नाही.

दोन्ही वाटांवर एक खड्डा सारखाच आहे. आफ्टर इफेक्ट्समधून डायनॅमिक लिंकने, म्हणजे वेगळी फाइल न काढता थेट जोडून आलेली नावपट्टी `Project Manager` गोळा करत नाही. नव्या प्रोजेक्टमध्ये ती ऑफलाइन दिसते. आफ्टर इफेक्ट्सच्या फाइलला तिथलं स्वतंत्र `Collect Files` चालवावं लागतं. त्यासोबत एक अहवालही मिळतो, त्यात लागणारे फॉन्ट आणि इफेक्ट्सची यादी असते. तो वाचा. मुंबईतल्या अर्ध्याअधिक एडिट रूममध्ये असलेलं एखादं प्लगइन संस्थेतल्या कुणाच्या भाच्याच्या लॅपटॉपवर असेलच असं नाही. आवृत्तीचंही तेच: नव्या प्रीमिअरचं प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही, म्हणून कुठल्या आवृत्तीत काम केलं ते एका ओळीत लिहून ठेवावं.

फॉन्ट: मराठीचं खास दुखणं

इंग्रजी फिल्मचा फॉन्ट हरवला तर अक्षरांचं वळण बदलतं. मराठी फिल्मचा हरवला तर मजकूरच जाऊ शकतो. युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावपट्टी प्रोजेक्टमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं म्हणून साठवलेली असते. फॉन्ट नसला की पडद्यावर तीच निरर्थक चिन्हं उमटतात आणि मूळ नाव काय होतं याचा पत्ता लागत नाही. युनिकोडमध्ये असेल तर निदान वाचता तरी येतं. मात्र जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपीसाठीचं टेक्स्ट इंजिन निवडलेलं नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. असं दिसलं तर फॉन्टला दोष देऊ नका, आधी सेटिंग बघा.

फॉन्टची फाइल पाकिटात टाकता येते का, हे परवान्यावर अवलंबून असतं. मुंबईच्याच एक टाइपचे मुक्त आणि बालू 2 हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. परवान्याची `OFL.txt` सोबत ठेवली की फॉन्ट बिनधास्त देता येतो. अडोबी फॉन्ट्समधला फॉन्ट कॉपी करून देता येत नाही, समोरच्याला स्वतःच्या सदस्यत्वातून तो चालू करावा लागतो. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना बहुधा घेणाऱ्यापुरता असतो. तिथे नाव, आवृत्ती आणि कुठून घेतला एवढंच लिहून द्यावं. नावात आकडा असेल तर तोही लिहावा. बालू आणि बालू 2 वेगळे आहेत. एकाच्या जागी दुसरा आला की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटू शकतात.

बंद पाकिटात हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. अक्षरं मास्टरच्या चित्रातच कायमची उमटलेली असतात आणि नव्या नावपट्टीपुरता एकच फॉन्ट लागतो.

श्रेयनामावली

टेक्स्टलेस मास्टरचा एक तोटा आहे, तो फारसा कुणी बोलत नाही. त्यात नावंच नसतात. हिंदी आवृत्ती करणारा घाईत असला की ध्वनिमुद्रकाचं, सहायकाचं नाव गळून पडतं. म्हणून श्रेयनामावली साध्या युनिकोड मजकुरात वेगळी द्यावी: पडद्यावरचा क्रम, हुद्दा, नावाचं मराठी आणि रोमन लेखन. रोमन कशाला? ‘Bhosale’ की ‘Bhosle’ हे ज्याचं त्यानेच सांगायचं असतं. ही यादी मी संस्थेकडून सही करून घेतो. कोणतं संगीत, कुठल्या परवान्यावर आणि किती सेकंद, हेही त्याच फाइलच्या तळाशी असतं.

मग सचिवांना काय दिलं

त्यांना नाव बदलायचं होतं आणि भाषा बदलायची होती. दोन्ही कामं बंद पाकिटात भागतात, म्हणून तेच दिलं. तयार करायला मला अर्धा दिवस लागला. उघडं प्रोजेक्ट नीट गोळा करून तपासायला दीड दिवस लागला असता आणि त्याचे पैसे मी वेगळे घेतले असते. त्यांनी लहान आवृत्तीचा विषय काढला असता, तर शेपटीवालं प्रोजेक्टही सोबत घ्या म्हटलं असतं.

मालकीबद्दल त्यांनी विचारलंच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, करून घेणारा असतो. त्या तरतुदीत प्रोजेक्ट फाइलचं नाव नाही. म्हणून ती द्यायची की नाही आणि कितीला, हे मी आता कोटेशनमध्येच लिहितो.

डिस्क देण्याआधी चित्राच्या आणि ध्वनीच्या प्रत्येक फाइलचा चेकसम काढतो, म्हणजे कॉपी होताना काही बिघडलं तर कळतं:

```
shasum -a 256 *.mov *.wav > checksum.txt
```

उघडं प्रोजेक्ट दिलं असतं, तर अजून एक पायरी लागली असती: मशीनवर नवं यूजर अकाउंट, मूळ ड्राइव्ह काढलेला, आणि फक्त देण्याच्या डिस्कवरून ते उघडून बघणं. मूळ ड्राइव्ह जोडलेला राहिला, तर प्रीमिअर गुपचूप तिथल्या फाइल वापरतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

पुढच्या वर्षी हिंदी आवृत्ती अंधेरीतल्या दुसऱ्या एकाने केली. त्याचा मला एकच फोन आला. “दादा, म्युझिक मध्येच वर येतंय.” मी दिलेल्या संगीताच्या फाइलमध्ये मराठी निवेदनाखाली आवाज दाबलेला होता; हिंदी वाक्य लांब असल्याने ते संपायच्या आतच संगीत वर चढत होतं. न दाबलेलं संगीत त्याला त्याच संध्याकाळी पाठवलं. तेव्हापासून पाकिटात संगीताच्या दोन फाइल जातात.