रबर रिंगवाला एअरटाइट डबा आणि लाल मिरची: अख्खा पावसाळा काढल्यावरचा अनुभव

उन्हाळ्यात वाळवणाच्या टायमाला दोन मोठे स्टीलचे डबे मागवले होते, झाकणात सिलिकॉनची रिंग, बाजूनं चार क्लिपा, एकात दोन किलो अख्खी मिरची आरामात मावते. एक आमच्याकडे, एक जाऊबाईकडे. आता पावसाळा पूर्ण गेला, ऑक्टोबरची गर्मीही गेली, थंडी लागली, म्हणून आता लिहून राहिली. डबा तोच, मिरची एकाच चुंगडीतली भिवापुरी, आणि तरी आमची मिरची आजही खुळखुळ वाजते अन् जाऊबाईच्या डब्यात श्रावणातच पांढरा बुरा चढला. हे कसं झालं ते समजलं तं डबा घ्यायचा का नाही हे आपोआप समजते.

आमचा डबा मे महिन्यातच भरला होता. स्लॅबवर मिरची कडक वाळली, देठ वाकवला का तटकन तुटे, संध्याकाळ व्हायच्या आत भरून क्लिपा लावल्या. जाऊबाईची मिरची चुंगडीतच राहिली, भिंतीतल्या आलमारीत खालच्या खणात. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणी आहे, वरून झड लागली का बाहेरूनही भिंत भिजते, विटा पाणी ओढतात, आणि आलमारीला पल्ला असल्यामुळे आत हवा खेळत नाही. मिरची हवेतली ओल लगेच पिते. आषाढात तिनं तीच मिरची नव्या डब्यात भरली, का आता एअरटाइट आहे तं टेन्शन नाही. पण तवा ती हातात नरम लागत होती, चामड्यासारखी वाकत होती, तुटत नव्हती.

लोकांना वाटते एअरटाइट डबा मिरची कोरडी ठेवते. तो फक्त जे आत आहे ते आत ठेवते. कोरडी भरली तं कोरडी, ओली भरली तं ओल बाहेर जायला रस्ताच नाही. उलट चुंगडीत निदान उघडीप मिळाली तं थोडी सुकली असती.

माझ्या मुलानं एक छोटा डिजिटल मीटर मागवला होता, हवेतली आर्द्रता दाखवणारा, दोन-तीनशे रुपयात भेटते. तो मिरचीसोबत डब्यात टाकून झाकण लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडल्या उघडल्या लगेच पाहायचं. बंद डब्यात हवा तेवढीच ओली होते जेवढी मिरची तिला करते, म्हणून तो आकडा मिरचीचाच समजा. 60 च्या खाली असला तं बिनधास्त. 65 च्या वर गेला का बुऱ्याचा धोका सुरू, 70-75 च्या वर तं काही आठवड्यांत पांढरं दिसलंच समजा. आमच्या डब्यात 52 च्या आसपास होता, जाऊबाईच्या डब्यात 76. स्वस्तातले मीटर पाच-पाच आकडे चुकतात, म्हणून आधी तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं पाणी घाला, मीठ फक्त ओलं झालं पायजे, विरघळायला नको, आणि मीटरसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. बरोबर मीटर 75 दाखवते. आमचा 79 दाखवत होता, म्हणजे दरवेळी चार कमी करायचे, वरचे दोन्ही आकडे तसे कमी केलेलेच आहेत.

बुरा ओळखायचा कसा, कारण सगळं पांढरं म्हणजे बुरा नाही. काही मिरच्या मुळातच पांढरट-पिवळ्या पडलेल्या असतात, फटकी म्हणतात तशा, तो रंग सालीतच असते, बोटानं निघत नाही. बुरा बोटाला लागते, कापसासारखा, आणि पहिले देठाच्या टोपीजवळ दिसते. वरून साफ दिसली तरी दोन-चार मिरच्या उभ्या फोडून पाहा, बियांच्या आजूबाजूला आत पांढरं-करडं जाळं असते, जाऊबाईच्या निम्म्या मिरच्या वरून छान लाल होत्या अन् आत हेच. वास कुबट येते. किड्यांची जाळी वेगळी, तिच्यात भुसा आणि बारीक छिद्रं दिसतात. तिखटात गुठळी झाली तं ती फोडून पाहा, नुसती ओलीनं झालेली गुठळी आतून सारखी लाल असते, बुऱ्याच्या गुठळीत पांढरे धागे दिसतात.

आणि बुरा लागलेली मिरची फेका. सासूबाई म्हणाल्या ऊन दाखवू, फडक्यानं पुसू, चक्कीवरून दळून आणू. उन्हानं बुरा वाळेल पण काही बुरशा जे विष सोडतात, अफ्लाटॉक्सिन, ते उन्हानं जात नाही, फोडणीच्या तेलातही पूर्ण जात नाही. मिरचीवर हे नेहमी सापडणारं प्रकरण आहे, आणि डोळ्यांनी पाहून कोणत्या बुरशीत विष आहे अन् कोणत्यात नाही हे सांगता येत नाही. दळल्यावर तं चांगली-वाईट सगळी एक होऊन जाते. जाऊबाईला दोन किलोचं लय वाईट वाटलं, पण टाकली. टाकताना नाकाला फडकं बांधा, ती धूळ छातीत जायला नको.

मग तिनं चुंगडीतली उरलेली, बुरा न लागलेली मिरची तपासून, फोडून पाहून, पोळ्याच्या आसपास उघडीप मिळाली तवा वाळवली. बरोबर 2 किलो तोलून घेतली होती, आकडा 60 च्या खाली येईपर्यंत दोन-तीन दिवस ऊन दिलं, आणि शेवटी भरली 1 किलो 910 ग्राम. म्हणजे 90 ग्राम जास्तीचं पाणी त्या मिरचीत होतं! आता डब्यासोबत ज्या सिलिका जेलच्या पुड्या आल्या त्या 5 ग्रामच्या तीन. सिलिका जेल अशा ओलीत आपल्या वजनाच्या पाव-एक हिस्सा पाणी धरते, म्हणजे तिन्ही मिळून चारेक ग्राम. 90 ग्राम ओढायला साडेतीनशे-चारशे ग्राम जेल लागेल. त्यामुळे पुडीच्या भरवशावर ओली मिरची भरू नका, ती पुडी फक्त झाकण उघडझाक करताना जी हवा आत जाते तेवढ्यापुरती. हिंगाचा खडाही ओल कमी करत नाही.

वाळवताना एवढं पाहा, ऊन उतरायच्या आत उचला, नाही तं संध्याकाळच्या ओल्या हवेत परत पिते. आणि गरमागरम भरू नका, सावलीत अर्धा तास थंड होऊ द्या, नाही तं झाकणाला आतून घाम धरते अन् वरचाच थर भिजते. बाजारातून घेतली असेल तं घरी एकदा ऊन द्याच, वाहतुकीत तुटू नये म्हणून काही ठिकाणी पाणी मारतात.

डब्याबद्दल: क्लिपा मजबूत आहेत, स्टीलला गंज नाही. रिंग काढून धुता येते आणि बुरा लागला असेल तं ती काढूनच धुवा, जाऊबाईच्या डब्यात रिंगच्या खाचेतही पांढरं साचलं होतं, वरून धुतलं असतं तं तिथंच राहिलं असतं. रिंगला तिखटाचा वास मात्र कायमचा धरते, साखरेला तो डबा परत वापरता येणार नाही. रोजच्या तिखटाला हा मोठा डबा नको, चुलीजवळ वाफेत दहादा उघडला का काही उपयोग नाही, पंधरा दिवसांचं तिखट छोट्या बरणीत काढा, चमचा कोरडा ठेवा. आणि डबा भिंतीच्या आलमारीतून काढून आतल्या खोलीत लाकडी फळीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवला आहे, कारण थंड भिंतीला टेकलेल्या बाजूनं आतली हवा जास्त ओली होते. जाऊबाईचा दुसऱ्यांदा भरलेला डबा आता 56 वर आहे, आणि मीटर फिरून फिरून गल्लीतल्या तीन घरी जाऊन आला.