रिपोर्टमध्ये अँटीबॉडी कमी आल्यात: एक्सएलए आहे की नुसती आयजीए कमी?

मूल सारखं आजारी पडतंय म्हणून इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटीबॉडींची टेस्ट केली आणि काहीतरी कमी आलं की घरात पहिला प्रश्न हाच, आता जन्मभर इंजेक्शनं घ्यावी लागणार का? याचं उत्तर नेमकं काय कमी आलंय, नुसती आयजीए की एक्सएलए या जन्मजात आजारासारख्या जवळजवळ सगळ्याच अँटीबॉडी, त्यावर आहे, आणि मुलाला आजवर कुठली इन्फेक्शन्स झालीत त्यावर तर जास्तच.

समजा चौदा महिन्यांचा मुलगा आहे. पहिले सहा महिने एकदम ठणठणीत, कारण आईकडून पोटात असताना मिळालेली आयजीजी तोपर्यंत पुरली. मग कान वाहायला लागला, अँटिबायोटिक संपलं की परत वाहतो, दोनदा न्यूमोनिया होऊन ॲडमिट करावं लागलं, आणि एक मामा लहानपणीच असल्याच आजारात गेला होता असं आजी सांगते. घशात बघितलं तर टॉन्सिल जवळजवळ दिसतच नाहीत, आणि हे खरंच लक्षात ठेवा, सारखं इन्फेक्शन असलेल्या मुलाचे टॉन्सिल सुजलेले असायला हवेत. रक्तात आयजीजी ६० (या वयात साधारण काहीशे मिग्रॅ हवी), आयजीए आणि आयजीएम नाहीतच म्हणा, आणि सीडी१९ म्हणजे बी सेल २ टक्क्यांच्याही खाली. हे एक्सएलएचं चित्र. बीटीके जीनमध्ये बिघाड असल्याने बी सेल बोन मॅरोमध्येच अडकतात, आणि त्या नाहीत तर अँटीबॉडी बनवणार कोण. जीन एक्स क्रोमोझोमवर असल्याने हा आजार जवळजवळ फक्त मुलग्यांनाच होतो. ब्रुटन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५२ मध्ये पहिली केस लिहिली, तीही आठ वर्षांच्या मुलाची, त्याच्या रक्तात न्यूमोकोकस पुन्हा पुन्हा पसरत होता.

आता समजा सहा वर्षांची मुलगी आहे. सर्दी, सायनस, कान चालू असतात, एकदा जुलाब लांबले आणि शौचाच्या तपासणीत जिआर्डिया हा आतड्यातला जंतू सापडला, पण ॲडमिट कधीच करावं लागलं नाही. आयजीए ७ मिग्रॅपेक्षा कमी, आयजीजी आणि आयजीएम नॉर्मल. ही सिलेक्टिव्ह आयजीए डेफिशियन्सी, आणि अशा बहुतेकांना तर काही त्रासच होत नाही, दुसऱ्याच कारणाने टेस्ट केली म्हणून कळतं.

फरक एवढा का? न्यूमोकोकस आणि हिमोफिलसच्या अंगावर कॅप्सूल म्हणजे बाहेरचं आवरण असतं, अँटीबॉडी चिकटल्याशिवाय पांढऱ्या पेशींना ते नीट गिळता येत नाहीत. एक्सएलएमध्ये ती अँटीबॉडीच नाही म्हणून ते फुप्फुसात, रक्तात, मेंदूच्या आवरणात पोचतात. आयजीएचं काम मुख्यतः नाक, घसा, आतडं यांच्या अस्तरावर असतं, तिथेही तिची जागा बऱ्याच अंशी आयजीएम भरून काढते आणि आत रक्तात आयजीजी शाबूत असते, त्यामुळे इन्फेक्शन सहसा वरवरच राहतं. जिआर्डिया मात्र दोन्हीकडे होऊ शकतो, त्यावरून फरक ठरवू नका.

व्हायरसचं काय, तर एक्सएलएमध्ये व्हायरसशी लढणाऱ्या टी सेल चांगल्या असतात म्हणून बरेचसे व्हायरस मूल निभावून नेतं, पण एंटेरोव्हायरस नाही. हे आतड्यातून रक्तात आणि तिथून मेंदूत जातात, त्यांना वाटेत अडवायचं काम अँटीबॉडीचंच, आणि ती नसेल तर मेंदूला महिनोन्महिने हळूहळू सूज येत राहू शकते. पोलिओ याच कुटुंबातला. आपल्याकडे थेंब जन्मापासून देतात, निदान होईपर्यंत बरेच डोस होऊन गेलेले असतात, पण कळल्यावर मात्र थेंब पूर्ण बंद, आणि घरातल्या धाकट्या भावंडालाही इंजेक्शनवालीच लस, कारण थेंबातला जिवंत व्हायरस शौचातून बाहेर पडत राहतो.

उपचारात तर तुलनाच नाही. एक्सएलएला दर ३ ते ४ आठवड्यांनी आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातली आयजीजी शिरेतून, साधारण ४०० ते ६०० मिग्रॅ दर किलोमागे, आणि हे जन्मभर. पुढच्या डोसच्या आधी आयजीजी किती उरलीय ते बघून डोस ठरतो. उशीर झाला तर फुप्फुसांच्या नळ्या कायमच्या रुंदावतात आणि ते परत नीट होत नाही. नुसत्या आयजीए कमतरतेला आयव्हीआयजी देत नाहीत, त्यात मुळात जवळपास सगळी आयजीजीच असते. इथे फक्त इन्फेक्शन आलं की त्यावर औषध, आणि दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या: रक्त चढवायची वेळ आली तर आधी सांगायचं, कारण क्वचित जोरदार रिॲक्शन येते, आणि सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याच्या आजाराची, नेहमीची टेस्ट आयजीएवरच चालते म्हणून ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आयजीजीवाली करून घ्या.

वर्ष-दीड वर्षाच्या बाळाची फक्त आयजीए कमी आली तर लगेच शिक्का मारून घेऊ नका, ती हळूहळूच वाढते, निदान चार वर्षांनंतरच पक्कं धरतात. पण आयजीजीसुद्धा कमी असेल तर थांबू नका. सीडी१९ आणि बीटीकेची तपासणी मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्त आणि इम्युनिटीच्या आजारांवरच्या सरकारी संस्थेत होते, आणि इम्युनोग्लोब्युलिनचं सॅम्पल आयव्हीआयजी सुरू करायच्या आधीच काढून ठेवायला सांगा, नंतर काढलं तर रिपोर्टमध्ये रक्तदात्यांची आयजीजी दिसते, मुलाची नाही.