चौथ्या मजल्यावरचं पिल्लू आणि तीन पुस्तकं

फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच कुत्र्याचं पिल्लू दत्तक घेणाऱ्या घरातून मला हमखास विचारतात, "एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं?" मी तीन पुस्तकांकडे बोट दाखवते. इयान डनबार यांचं 'बिफोर अँड आफ्टर गेटिंग युअर पपी' (२००४), सोफिया यिन यांचं 'परफेक्ट पपी इन सेव्हन डेज' (२०११) आणि न्यू स्केट मठातल्या साधूंचं 'द आर्ट ऑफ रेझिंग अ पपी' (१९९१, सुधारित आवृत्ती २०११). तिन्ही चांगली आहेत, पण तिन्ही अमेरिकेत लिहिलेली. म्हणून निवड करताना मी आधी एकच गोष्ट तपासते: पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये, लसीकरण अपुरं असताना, पिल्लाची शू-शी कशी सांभाळायची हे पुस्तक कितपत सांगतं?

नऊ आठवड्यांची गावठी पिल्लू चिकू आमच्याकडे आली तेव्हा तिला एकच डोस मिळालेला होता. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जागी तिला खाली सोडणं म्हणजे पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांचा धोका. त्यामुळे 'दर तासाला अंगणात न्या' हा सल्ला आमच्या उपयोगाचा नव्हता.

इथे डनबार सर्वांत पुढे आहेत. ते स्वतः पशुवैद्यक आहेत आणि त्यांचा हिशेब साधा आहे: पिल्लू आठ आठवड्यांचं असताना साधारण ७५ मिनिटं शू धरू शकतं, बारा आठवड्यांचं झालं की ९० मिनिटं. म्हणून दर तासाला ठरलेल्या जागी न्यायचं, तीन मिनिटं शांत उभं राहायचं, काम झालं की लगेच खाऊचे तीन तुकडे द्यायचे. झालं नाही तर पिल्लू पुन्हा आपल्या छोट्या जागेत, आणि थोड्या वेळाने परत प्रयत्न. घरात चूक घडूच द्यायची नाही, कारण एकदा झालेली जागा पिल्लाच्या लक्षात राहते.

त्यांचा खरा मोलाचा मुद्दा जमिनीचा आहे. पुढे ज्या पृष्ठभागावर शू करायची, तोच आतापासून पायाखाली द्यायचा. गवतावर जाणार असेल तर गवताचा गालिचा अंथरा, शहरातल्या फूटपाथवर जाणार असेल तर काँक्रीटच्या पातळ लाद्या ठेवा. आमची फसगत नेमकी इथेच झाली. बाल्कनीत टाइल्स आणि हॉलमध्येही त्याच टाइल्स, त्यामुळे चिकूच्या लेखी सगळं घर एकच होतं. पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा-सात वेळा पोछा मारावा लागला. आधी आम्ही वर्तमानपत्र अंथरलं होतं, तर सोफ्याजवळ पडलेला पेपरही तिने वापरला. शेवटी नर्सरीतून लॉनचा तुकडा आणला, उथळ ट्रेमध्ये मातीवर ठेवला आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात मांडला. तिसऱ्या आठवड्यात चूक एखाददुसरीच उरली. सोळा आठवड्यांनंतर खाली गेली तेव्हा बागेतल्या गवतावर पहिल्याच दिवशी बसली.

या प्रकरणात आपल्याकडच्या फिनाईलचा उल्लेख तिन्ही पुस्तकांत नाही. फिनॉलिक फिनाईल पायाला लागतं आणि पिल्लू ते चाटतं, म्हणून पिल्लाच्या जागी ते टाळा. आणि फिनाईलने पुसल्यावर आपल्याला शूचा वास गेलासा वाटला तरी पिल्लाला तो येतच असतो. शूचा वास मुळातून घालवणारं एंझाइम क्लीनर मिळालं तर उत्तम.

डनबारांची अडचण जागेची आहे. माणसं घरात नसताना पिल्लासाठी वेगळी खोली किंवा बंदिस्त जागा ठेवावी असं ते सांगतात, पण रात्री हॉलमध्ये गाद्या पडणाऱ्या घरात ती कुठून आणायची? इथे यिन यांची पद्धत जास्त जमते. पिल्लू लांब पट्ट्याने आपल्याला बांधलेलं ठेवायचं, म्हणजे ते नजरेआड जाऊन शू करू शकत नाही की चप्पल चावू शकत नाही. मी पोळ्या लाटताना चिकू कमरेच्या पट्ट्याला बांधून पायाशी बसायची. जमीन हुंगत गोल फिरायला लागली की उचलायचं आणि ट्रेवर.

यिन यांचा दुसरा फायदा फोटोंचा. हात कुठे ठेवायचा, खाऊ कोणत्या क्षणी द्यायचा हे त्यांच्या पुस्तकात पायरीपायरीने चित्रांतून दिसतं. त्यांचा मूळ नियम असा की पिल्लाला जे हवं ते बसून मागितल्यावरच मिळावं. एकत्र घरात यावरच सगळं फिसकटतं. आम्ही बसवायचो आणि आजी उड्या मारणाऱ्या चिकूला बिस्कीट द्यायची. तिला पुस्तकातले फोटो दाखवले तेव्हा तिने स्वतःच थांबून बसायला सांगायला सुरुवात केली. इंग्रजी मजकुराने हे झालं नसतं. मात्र नावातल्या सात दिवसांवर विसंबू नका. सवयी सात दिवसांत सुरू होतात, मुरायला काही महिने लागतात.

माणसांची सवय लावण्याच्या बाबतीत पुन्हा डनबारच. पिल्लाने बारा आठवड्यांच्या आत निदान शंभर माणसं भेटावीत आणि ती घरीच बोलवावीत, असं ते म्हणतात. पाहुण्यांनी चपला बाहेर काढाव्यात असंही ते बजावतात, आणि ते आपल्याकडे आपोआप होतं. आम्ही बारा दिवस रोज दोन-तीन शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. चष्मेवाले, काठीवाले, हेल्मेट हातात असलेले कुरिअरवाले, सगळे तिला हातून तिच्या खाऊचे दाणे देऊन गेले. पण रस्त्यावरून आणलेलं पिल्लू कधीकधी आधीच चौदा आठवड्यांचं असतं. तेव्हा या पुस्तकातल्या मुदती वाचून घाबरायला होतं. अशा घराने मुदती बाजूला ठेवून पद्धत तेवढी घ्यावी आणि वेग पिल्लाच्या भीतीवर ठरवावा.

साधूंचं पुस्तक वेगळ्या जातीचं. मठात जर्मन शेफर्ड वाढवतात आणि पिल्लू जन्मापासून कसं घडतं हे त्यात आठवड्यागणिक फार सुंदर उलगडतं. पिल्लू निवडण्याआधी वाचलं तर समज वाढते. पण लिफ्ट, बाल्कनी आणि अपुरं लसीकरण यांत ते मदतीला येत नाही. शिवाय ते पट्ट्याने झटका देऊन सुधारण्याला जागा देतात, ते मी भित्र्या गावठी पिल्लावर वापरणार नाही. त्यांच्या १९७८ सालच्या 'हाउ टू बी युअर डॉग्ज बेस्ट फ्रेंड'मध्ये कुत्र्याला उलटं पाडून दाबून धरायचा उपाय होता, तो २००२च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच मागे घेतला. म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेताना आवृत्तीचं साल बघा.

आजारपणासाठी मात्र यातलं एकही पुस्तक पुरत नाही. जुलाब, उलट्या आणि सुस्ती एकत्र दिसली तर पान शोधत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जा. गोचिडांचं औषध पिल्लाच्या वयानुसार आणि वजनानुसार त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

घरात दिवसभर कोणीतरी असेल आणि एक कोपरा मोकळा करता येत असेल तर डनबार घ्या. घर लहान, माणसं जास्त आणि लहान मुलंही शिकवणार असतील तर यिन. आम्ही डनबार घेतलं आणि त्यातल्या तीन ओळी मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवल्या: 'दर तासाला बाल्कनी. तीन मिनिटं थांबा. झालं की लगेच तीन दाणे.' कामाला येणाऱ्या मावशींनीही तेच पाळलं.