छोटं पार्सल : सूट ठेवावी की पहिल्या रुपयापासून कर?

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत घड्याळं विकणारा दुकानदार आयात मालावर सीमाशुल्क आणि जीएसटी भरतो. तसंच घड्याळ परदेशी ॲपवरून थेट घरी आलं, तर?

ठरावीक किमतीपर्यंतच्या पार्सलला आयातीवरच्या करातून सूट देण्यामागचं कारण साधं होतं: छोट्या पार्सलवर मिळणाऱ्या करापेक्षा तो वसूल करण्याचा खर्च जास्त. भारतात 5,000 रुपयांपर्यंतची भेट शुल्कमुक्त होती. मग 12,000 रुपयांची ऑर्डर चार-चार हजारांच्या तीन पार्सलांत यायची आणि पार्सलवर चिकटवलेल्या सीमाशुल्काच्या हिरव्या सीएन 22 चिठ्ठीवर ‘गिफ्ट’पुढे खूण असायची. पाठवणारी मावशी नाही, गोदाम! डिसेंबर 2019 मध्ये ती वाट बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. अमेरिकेनेही ऑगस्ट 2025 मध्ये 800 डॉलरची सूट सगळ्या देशांसाठी थांबवली.

सूट काढली की पार्सल तुकड्यांत पाठवण्यात फायदा उरत नाही, म्हणून मला तीच बाजू पटते. किंमत कमी लिहिण्याचा मोह मात्र राहतोच. शिवाय पोस्टमन दारात येऊन शुल्क मागतो, तेव्हा आकडा ऐकून गिऱ्हाईक हबकतं. युरोपात 2021 पासून 150 युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच घेता येतो. आपल्याकडेही तसंच हवं.