हार्ड पॉवर की सॉफ्ट पॉवर? तीन मतांवरून ठरलेली निवड

टर्म पेपरसाठी विषय निवडायची वेळ आली की दरवर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं: हार्ड पॉवर घेऊ की सॉफ्ट पॉवर? दोन्हींच्या व्याख्या तुम्हाला पाठ असणारच, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना आधी एक निवडली आणि अर्धा पेपर झाल्यावर दुसरीकडे वळलो. ते का, हे एकाच प्रकरणावरून सांगतो.

त्याआधी एक गफलत दूर करू, कारण पेपर बहुतेक वेळा तिथेच फसतो. पैसा ही सॉफ्ट पॉवर नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी 1990 मध्ये ही संज्ञा रूढ केली तेव्हा दमदाटी आणि आमिष ही दोन्ही त्यांनी एकाच, म्हणजे हार्ड पॉवरच्या बाजूला ठेवली होती. मदतीचा चेक आणि विमानवाहू जहाज यांचं काम एकच, समोरच्याचा हिशेब बदलणं. सॉफ्ट पॉवर हिशेबाच्या आधीच्या टप्प्यावर काम करते. समोरच्याला तुमची मागणी मुळात रास्त वाटते की नाही, हे तिथे ठरतं. मग ‘अमक्या देशाने तमक्याला कर्ज दिलं, म्हणजे सॉफ्ट पॉवर’ असं लिहिलेला पेपर पहिल्याच पानावर मार खातो.

आता प्रकरण. 2003 च्या सुरुवातीला अमेरिकेला इराकवर दोन बाजूंनी चढाई करायची होती, दक्षिणेकडून कुवेतमार्गे आणि उत्तरेकडून तुर्कस्तानमार्गे. उत्तरेच्या आघाडीसाठी सुमारे 62,000 सैनिक तुर्कस्तानात उतरवण्याची परवानगी तिने मागितली. त्या बदल्यात सुमारे 6 अब्ज डॉलरची मदत होती आणि तिच्या आधारावर त्याहून कितीतरी मोठं कर्ज मिळणार होतं. तुर्कस्तान 2001 च्या आर्थिक संकटातून नुकता कुठे सावरत होता, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आधारावर उभा होता. वर तो नाटोचा सदस्य, आणि त्याच्या लष्कराचे अमेरिकी लष्कराशी जुने संबंध. चौथ्या इन्फंट्री डिव्हिजनची सामग्री भरलेली जहाजं पूर्व भूमध्य समुद्रात येऊन थांबलीही होती.

मी पेपर इथून सुरू केला तो हार्ड पॉवरच्या बाजूने. एका रकान्यात अमेरिका काय देऊ शकते, दुसऱ्यात काय हिरावून घेऊ शकते, तिसऱ्यात तुर्कस्तानची गरज. तिन्ही रकान्यांची बेरीज एकच उत्तर देत होती: होकार. बळी तो कान पिळी, विषय संपला.

1 मार्च 2003 ला अंकारात संसदेची बंद दाराआड बैठक झाली. बाहेर रस्त्यावर युद्धविरोधी मोर्चा होता. ठरावाच्या बाजूने 264 मतं पडली, विरोधात 250, आणि 19 सदस्य तटस्थ राहिले. बाजूची मतं जास्त, त्यामुळे ठराव संमत झाला असंच सुरुवातीला अनेकांना वाटलं. पण तुर्कस्तानच्या राज्यघटनेनुसार उपस्थित सदस्यांचं बहुमत लागतं. उपस्थित होते 533, म्हणजे हवी होती 267 मतं. तीन कमी पडली आणि ठराव फेटाळला गेला. सत्ताधारी पक्षाकडे 550 पैकी 360 हून अधिक जागा होत्या. विरोधी आणि अपक्ष सगळे झाडून विरोधात गेले असं धरलं, तरी सरकारचे स्वतःचे साठाहून अधिक सदस्य ‘नाही’ म्हणाले असा हिशेब निघतो.

जहाजं सुएझमधून वळसा घालून कुवेतकडे गेली. चौथी डिव्हिजन चढाईच्या पहिल्या टप्प्याला मुकली. उत्तर इराकमध्ये 26 मार्चच्या रात्री सुमारे हजार छत्रीधारी सैनिक बाशूरच्या धावपट्टीवर उतरवून वेळ निभावून न्यावी लागली.

मी माझ्या पेपरात यावर एक वाक्य टाकलं: ‘अमेरिकेचा दबाव कमी पडला.’ सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं, ‘किती असता तर पुरला असता?’

मला उत्तर देता येईना. हार्ड पॉवरच्या बाजूची ही एक गोष्ट मला तेव्हापासून खटकत आली आहे, आणि निवड झाली ती खरं तर तिच्यामुळेच. मनासारखं घडलं तर दबाव पुरेसा होता, घडलं नाही तर कमी पडला. निकाल लागल्यावरच दबाव किती होता हे ठरवायचं, मग त्या दबावाने निकाल समजावून सांगितला असं कसं म्हणायचं? तराजूत वजन टाकण्याऐवजी काटा बघून वजनावर आकडा लिहिण्यातला प्रकार. खेळी सुरू होण्याआधी माझे तिन्ही रकाने होकार सांगत होते. नंतर मी तेच रकाने नकाराला कारण म्हणून वापरत होतो.

सॉफ्ट पॉवरवर हाच आक्षेप घेता येतो, हे मान्य. ‘नकार आला, म्हणजे आकर्षण नव्हतं’ असं म्हणणंही तितकंच गोल. फरक मला इतकाच दिसला की इथे निकालाच्या आधीचा, वेगळा पुरावा शोधता येतो. जनमत पाहण्या करणाऱ्या अमेरिकेच्या प्यू संस्थेच्या अहवालांमध्ये अमेरिकेबद्दल चांगलं मत असणारे तुर्की नागरिक 2000 च्या सुमारास 52 टक्के होते, 2002 मध्ये ते 30 वर आले. मतदान व्हायचं होतं तेव्हाचा हा आकडा. पेपरांमध्ये सर्रास 15 टक्क्यांचा आकडा दिसतो, तो 2003 मधल्या पाहणीचा, म्हणजे मतदानानंतरचा. तो कारण म्हणून वापरला की सगळी मांडणी उलटी होते. मीही पहिल्या मसुद्यात तोच वापरला होता, कारण तो जास्त नाट्यमय दिसतो.

आता या आकड्याला हात घालताना आणखी एक सावधगिरी. चित्रपट, संगीत, विद्यापीठं यांची यादी करून सॉफ्ट पॉवर मोजायचा मोह होतो. त्या दोन वर्षांत तुर्की प्रेक्षकांनी हॉलिवूड बघणं सोडलं नव्हतं. नाय यांनी सॉफ्ट पॉवरचे तीन स्रोत सांगितले: संस्कृती, राजकीय मूल्यं, आणि इतरांना न्याय्य वाटेल असं परराष्ट्र धोरण. कोसळला तो तिसरा. माझ्या मते पेपरमध्ये खणण्यासारखा हाच, आणि दुर्लक्ष होतं तेही नेमकं त्याच्याकडे.

माझा तराजू झुकवला तो 1991 शी केलेल्या तुलनेने. शेजारी तोच, इराक. मागणारा तोच, अमेरिका. देणारा तोच, तुर्कस्तान. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर तुर्कस्तानने इराकचं तेल वाहून नेणारी किर्कुक-जेहान पाइपलाइन बंद केली. ती तोट्याची गोष्ट होती, तरी केली. जानेवारी 1991 मध्ये संसदेने हवाई तळांच्या वापराला मान्यता दिली आणि इंजिर्लिकच्या तळावरून विमानं उडाली. 1991 च्या तुलनेत 2003 मध्ये अमेरिका निर्विवाद एकमेव महासत्ता होती आणि तुर्कस्तानला पैशाची निकडही मोठी होती. नुसत्या दबावाकडे बघितलं तर 2003 चा होकार जास्त सोपा असायला हवा होता.

बदललं होतं ते वेगळंच. 1990 मध्ये इराकविरुद्ध बळ वापरायला मुभा देणारा सुरक्षा परिषदेचा 678 क्रमांकाचा ठराव हातात होता. 12 बाजूने, 2 विरोधात, चीन तटस्थ. 2003 मध्ये नव्या ठरावासाठी धडपड झाली आणि तो आलाच नाही. तुर्कस्तानच्या राज्यघटनेतलं कलम 92 परदेशी सैन्याला देशात येऊ देण्याची परवानगी आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार न्याय्य ठरणाऱ्या प्रसंगांशी जोडतं. म्हणजे ‘ही मागणी रास्त आहे का’ हा प्रश्न तिथे फक्त भावनेचा नव्हता, सदस्यांच्या मेजावरच्या कागदात होता. आकर्षणाचा, मान्यतेचा धागा मतपेटीपर्यंत कसा पोहोचतो हे इतकं स्पष्ट दिसणारी उदाहरणं थोडी. सॉफ्ट पॉवरवर पेपर लिहायचा तर असा मार्ग दाखवता आला पाहिजे: जनमत, त्याला घाबरणारे सदस्य, त्यांना आडोसा देणारं कलम. यातला एक दुवा जरी सुटला, तरी उरतं ते नुसतं हवेतलं बोलणं.

तरी तुलना शंभर टक्के सरळ नाही, आणि परीक्षक हे काढणारच. 1991 मध्ये मागितले होते हवाई तळ, 2003 मध्ये जमिनीवरचं प्रचंड सैन्य. मागणी मोठी असेल तर किंमतही मोठी, असं हार्ड पॉवरवाला म्हणेल आणि ते खोडून काढणं सोपं नाही. शिवाय पहिल्या युद्धानंतर इराकशी व्यापार बुडाल्याचं नुकसान तुर्कस्तानला झालं होतं, उत्तर इराकमध्ये कुर्दी राज्य उभं राहील ही भीती होती आणि सरकार नवं होतं. यातली प्रत्येक गोष्ट तीन मतं फिरवायला पुरेशी आहे. मी त्या पेपरात ‘सॉफ्ट पॉवर नसल्यामुळे नकार आला’ असं म्हणालो नाही. ‘सॉफ्ट पॉवर आटल्यामुळे होकाराची किंमत वाढली, आणि ती सरकारला आपल्याच सदस्यांकडून वसूल करता आली नाही’, असं म्हणालो. हे दुबळं विधान वाटेल, पण त्याचा बचाव करता येतो.

तुमच्यापुढची निवड मग कशी करायची? आठवडाभरात पेपर द्यायचा असेल, किंवा निर्बंध, नाकेबंदी, सैन्याची जमवाजमव असा विषय असेल, तर हार्ड पॉवर घ्या. तिथे धमकीला तारीख असते, मागणी लेखी असते, पुरावा पटकन सापडतो. हाताशी थोडा अधिक वेळ असेल आणि एखाद्या देशाने फायद्याचा सौदा नाकारल्याचं प्रकरण मिळालं, तर मी तुमच्या जागी सॉफ्ट पॉवर घेईन. फक्त एक वेगळं पान ठेवा आणि त्यावर निकालाच्या तारखेआधीचेच पुरावे लिहा, नंतरचा एकही नाही.

त्या पानावर न बसणारी एक नोंद मला शेवटी वेगळी करावी लागली आणि ती अजूनही माझ्या बाजूने नाही. 20 मार्च 2003 ला, म्हणजे मूळ ठराव पडल्यानंतर 19 दिवसांनी, युद्धाला तोंड फुटलेलं असताना, त्याच संसदेने अमेरिकी विमानांना आपलं आकाश खुलं करून दिलं. मोठं मदतीचं पॅकेज तोवर मेजावरून उचललं गेलं होतं, जनमतही तेच होतं. सरांनी ती नोंद वाचून पुन्हा एक लाल रेघ मारली. यावेळी समास मात्र कोराच सोडला.