मॅकनेमार कोणता लावावा: अचूक की मिड-पी?

एकाच रुग्णाची तपासणी उपचाराआधी एकदा आणि उपचारानंतर एकदा, आणि दोन्ही वेळा उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. अशा अभ्यासाला मॅकनेमारची चाचणी लावायची, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याला सांगावं लागत नाही. क्विन मॅकनेमार यांनी ती १९४७ साली मांडली. अडतं पुढेच. रुग्ण तीस-चाळीस असतील तर या चाचणीचा कोणता अवतार वापरायचा? काय-वर्ग, दुरुस्ती लावलेला काय-वर्ग, द्विपद वितरणावरची 'अचूक' चाचणी आणि तिचंच मिड-पी रूप असे चार पर्याय समोर असतात. एकाच आकड्यांवर ते वेगवेगळी उत्तरं देतात आणि तेही नेमकं ०.०५च्या आसपास.

एक बनवलेलं उदाहरण घेऊ. समजा दम्याच्या ३६ रुग्णांची इनहेलर वापरण्याची पद्धत आपण यादी हातात धरून तपासली, मग प्रशिक्षण दिलं आणि महिन्याने पुन्हा तपासली. आधी १४ जणांची पद्धत बरोबर होती, नंतर २१ जणांची. म्हणजे ३९ टक्क्यांवरून ५८ टक्के.

इथेच पहिली गडबड होते. विद्यार्थी जो तक्ता आणतात त्यात एका ओळीत 'आधी' असतं (१४ बरोबर, २२ चूक) आणि दुसऱ्या ओळीत 'नंतर' (२१ बरोबर, १५ चूक). तोच तक्ता ते आर प्रणालीतल्या `mcnemar.test` ला देतात आणि पी-व्हॅल्यू चक्क १ येते. चाचणीचा यात काही दोष नाही. तिने कर्णाबाहेरचे २२ आणि २१ हे आकडे घेतले आणि फरक जवळजवळ नाहीच असं सांगितलं. ओळखायची खूण सोपी आहे: २२ आणि २१ मिळून ४३ होतात, पण रुग्ण तर ३६च आहेत. तक्त्यातल्या चारही घरांची बेरीज रुग्णसंख्येइतकी यायला हवी. ती दुप्पट आली, तर माणसांऐवजी तपासण्या मोजल्या गेल्या आहेत. हाच तक्ता साध्या काय-वर्गाला दिला तर पी-व्हॅल्यू ०.१० येते. तीही चूकच, कारण तिथे ३६ माणसं ७२ झालेली असतात.

खरा तक्ता असा असतो: एका बाजूला 'आधी', दुसऱ्या बाजूला 'नंतर', आणि प्रत्येक रुग्ण एकाच घरात. आपल्या उदाहरणात १२ जण दोन्ही वेळा बरोबर, १३ जण दोन्ही वेळा चूक, ९ जण आधी चूक आणि नंतर बरोबर, तर २ जण आधी बरोबर आणि नंतर चूक. पहिल्या २५ जणांत काहीच बदललं नाही. चाचणी बघते ती फक्त उरलेल्या ११ विसंगत जोड्यांकडे, आणि तिचा प्रश्न एवढाच असतो: बदल दोन्ही दिशांना सारखाच होण्याची शक्यता असती, तर ११ पैकी ९ किंवा त्याहून जास्त एकाच दिशेला पडणं कितपत संभवतं?

आता चारही उत्तरं बघू. साधा काय-वर्ग: फरक ७, त्याचा वर्ग ४९, भागिले ११, म्हणजे ४.४५ आणि पी-व्हॅल्यू ०.०३५. दुरुस्ती लावली की ७ चे ६ होतात, ३६ भागिले ११ म्हणजे ३.२७, आणि पी-व्हॅल्यू ०.०७०. अचूक चाचणी ०.०६५. मिड-पी ०.०३९. दोन म्हणतात 'आहे', दोन म्हणतात 'नाही'.

दुरुस्तीवाल्या काय-वर्गाला मी आधीच बाजूला करतो. अचूक उत्तर हाताने काढणं जिकिरीचं होतं त्या काळातली ती तडजोड आहे. आज संगणक अचूक उत्तर क्षणात देतो, मग त्याची नक्कल कशाला? तरीही आर प्रणालीत काही न सांगता `mcnemar.test` चालवलं की दुरुस्ती लागतेच, त्यामुळे कितीतरी प्रबंधांत ती न मागता शिरलेली दिसते. एसपीएसएस त्या मानाने बरं: जोड्या थोड्या असल्या की ते आपणहून द्विपद वितरण वापरतं आणि तक्त्याखाली `Binomial distribution used` अशी टीप देतं. साधा काय-वर्ग वाटतं त्याहून चांगला चालतो, पण विसंगत जोड्या अगदी कमी असल्या की तो किंचित सैल पडतो. म्हणून खरी निवड अचूक आणि मिड-पी यांच्यातच.

अचूक चाचणीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तिच्यात अंदाज नाही, जे काही आहे ते नाणेफेकीचं गणित. परीक्षकाला समजावून सांगायला सोपी, आणि ती लावल्याबद्दल कुणी बोट दाखवणार नाही. बरीच वर्षं मीही तीच सुचवत होतो.

मन उडालं ते तिच्या पायऱ्यांमुळे. विसंगत जोड्या ११ असतील तर पी-व्हॅल्यूला हवी ती किंमत घेता येत नाही. ९ विरुद्ध २ ला ती ०.०६५ असते, १० विरुद्ध १ ला एकदम ०.०१२. मधली पायरीच नाही. म्हणजे आपण प्रबंधात 'सार्थकतेची पातळी ५ टक्के' असं लिहितो, पण प्रत्यक्षात चाचणी १.२ टक्क्यांवर चालते. उरलेल्या चार टक्क्यांची सूट रुग्णांच्या आकड्यांना मिळतच नाही. जोड्या ५ च असतील तर आणखी पंचाईत. पाचच्या पाच रुग्ण सुधारले आणि एकही बिघडला नाही, तरी अचूक पी-व्हॅल्यू ०.०६२५च्या खाली उतरत नाही. विद्यार्थ्याने वर्षभर रुग्ण गोळा केले, बदलले ते सगळे एकाच बाजूला गेले, आणि चाचणीचं उत्तर आकडे बघण्याआधीच ठरलेलं! माझ्याकडे येणाऱ्या छोट्या अभ्यासांत विसंगत जोड्या बहुधा अशाच, दहा-पंधराच्या आत असतात. त्यामुळे ही अडचण दर मोसमात दाराशी येते.

मिड-पी या पायऱ्या थोड्या उतरत्या करते. हाती आलेल्या निकालाची शक्यता पूर्ण न धरता निम्मी धरायची, बस. आर प्रणालीत एक ओळ पुरते (दोन्ही बाजूंचे आकडे सारखे असतील तर हे सूत्र चालत नाही, पण तेव्हा फरकच शून्य असतो):

```r
kami <- 2; ekun <- 11
binom.test(kami, ekun)$p.value - dbinom(kami, ekun, 0.5)
```

उत्तर ०.०३८६. पाचच्या पाच एकाच बाजूला असतील तर ०.०३१.

मिड-पीवरचा एक आक्षेप रास्त आहे: विसंगत जोड्या बरोबर ११ असतील एवढंच धरून बघितलं, तर ९ विरुद्ध २ वर निष्कर्ष काढणारी चाचणी खरं तर साडेसहा टक्के चुकीची मुभा घेते. पण विसंगत जोड्या ११ च येतील हे आपण आधी ठरवलेलं नसतं. आपण ३६ रुग्ण ठरवतो, जोड्या ७ ही येऊ शकतात आणि १६ ही. त्या सगळ्या शक्यता एकत्र धरल्या की सरासरी चूक पाच टक्क्यांच्या जवळपासच राहते. २०१३ साली नॉर्वेतल्या तीन संख्याशास्त्रज्ञांनी हा हिशेब पद्धतशीर केला आणि त्यांचा कौलही अचूक चाचणीपेक्षा मिड-पीकडे गेला. मला तो पटतो. तरी ज्यांना पाच टक्क्यांची हमी प्रत्येक परिस्थितीत हवी आहे, त्यांनी अचूक चाचणीवर राहायला माझी हरकत नाही.

एक अट मात्र मी सोडत नाही. निवड सिनॉप्सिसमध्येच लिहून ठेवायची. ०.०६५ दिसल्यावर 'मिड-पी लावून बघू' म्हणणं ही निवड नव्हे, तो सोयीचा आकडा शोधणं आहे. तसं झालं असेल तर दोन्ही आकडे छापावेत.

आता विसंगत जोड्या वाचायच्या कशा, हेही बघू, कारण पी-व्हॅल्यू कुठलीही घेतली तरी चूक इथेच होते. ३९ वरून ५८ टक्के, हीच टक्केवारी आतून वेगळ्या आकड्यांचीही असू शकते. समजा १७ जण सुधारले आणि १० बिघडले. तरीही आधी १४ आणि नंतर २१ च येतात, पण अचूक पी-व्हॅल्यू ०.२५. आणि ७ सुधारले, एकही बिघडला नाही, तरीही तेच १४ आणि २१, पण पी-व्हॅल्यू ०.०१६. म्हणून ज्या लेखात फक्त 'आधी' आणि 'नंतर'चे टक्के आहेत, त्यातली पी-व्हॅल्यू वाचकाला पडताळून बघताच येत नाही. दोन विसंगत आकडे छापले, की कुणीही ती पुन्हा काढू शकतो.

उलट बाजूही आहे. ९ आणि २ तसेच ठेवून रुग्ण ३६ ऐवजी ३६० केले, तर पी-व्हॅल्यू तसूभरही बदलत नाही. पण सुधारणा १९ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास येते. पी-व्हॅल्यू न बदललेल्या रुग्णांकडे बघत नाही. परिणाम केवढा हे मात्र त्यांच्याशिवाय सांगता येत नाही.

तसंच ९ भागिले २ म्हणजे ४.५ हे गुणोत्तर. 'प्रशिक्षणाने पद्धत सुधारण्याची शक्यता साडेचार पट' असं सर्रास लिहिलं जातं. ते फक्त एवढंच सांगतं की जे बदलले, त्यांच्यात सुधारलेले बिघडलेल्यांच्या साडेचार पट. त्याची ९५ टक्के मर्यादा अचूक पद्धतीने सुमारे ०.९ ते ४३ येते. एवढी रुंद पट्टी छापून वाचकाला फार काही मिळत नाही. मी टक्क्यांतला फरक आणि त्याची मर्यादा देणं पसंत करतो. लहान अभ्यासासाठी दोन्ही विसंगत आकड्यांत एक-एक आणि एकूण रुग्णांत दोन मिळवून मर्यादा काढायची. इथे ती जवळपास १ ते ३६ टक्के येते. तीही रुंदच, पण रुग्णांच्या भाषेतली.

निकालाचं वाक्य मी साधारण असं लिहायला सांगतो: '३६ पैकी ९ रुग्णांची पद्धत सुधारली, २ जणांची बिघडली, २५ जणांत बदल नाही; फरक १९ टक्के, ९५ टक्के मर्यादा १ ते ३६; मॅकनेमार मिड-पी ०.०३९.' यात 'प्रशिक्षणामुळे' हा शब्द नाही, कारण तुलनेचा गट नाही आणि महिन्याभरात रुग्ण इतर कुणाकडूनही शिकलेला असू शकतो.

बिघडलेल्या त्या दोघांचे कागद मात्र काढून बघावेत. चार्टात अनेकदा सापडतं की मधल्या काळात डॉक्टरांनी फवाऱ्याचा इनहेलर बदलून पावडरचा दिला. फवाऱ्याला श्वास संथ आणि खोल घ्यायचा असतो, पावडरला झटकन आणि जोराने. रुग्णाने आपण शिकवलं तेच इमानदारीने केलं, फक्त हातातलं यंत्र दुसरं होतं. तसं निघालं तर ती जोडी बरोबरीची जोडीच नाही, आणि तिला ठेवायचं की वगळायचं याचा नियमही रुग्ण घेण्याआधीच लिहिलेला हवा.